माल कुठे थांबवायचा?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांची हयात औषधांच्या घाऊक व्यापारात गेली. समोर बसलेल्यांपैकीही बरेच जण त्याच धंद्यातले दिसताहेत. त्यामुळे प्रास्ताविक लांबवत नाही. मी आज एकाच गोळीबद्दल बोलणार आहे. रक्तदाबाची, रोज एक घ्यायची, दहा गोळ्यांची पट्टी. ती कारखान्यातून निघते, भिवंडीच्या डेपोत येते, तिथून जिल्ह्याच्या स्टॉकिस्टकडे जाते आणि तिथून मेडिकलच्या फळीवर. आज महाराष्ट्रात या गोळीच्या जेवढ्या पट्ट्या आहेत, त्यांतल्या किती भिवंडीत असाव्यात, किती स्टॉकिस्टकडे आणि किती दुकानात? प्रश्न एवढाच आहे. तो सोपा वाटतो, पण आपल्याकडे त्याचं उत्तर फार वर्षं मालाच्या हिशेबाने दिलंच गेलं नाही. ते कराच्या हिशेबाने दिलं गेलं.

2017च्या जुलैपर्यंत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल विकला की केंद्रीय विक्रीकर लागायचा. शेवटच्या काही वर्षांत तो 2 टक्के होता आणि घेणाऱ्याला त्याची वजावट मिळत नव्हती. मात्र कंपनीने विक्री न करता आपल्याच दुसऱ्या राज्यातल्या डेपोला माल पाठवला, तर फॉर्म एफ भरून हा कर वाचायचा. साहजिकच प्रत्येक कंपनीने प्रत्येक राज्यात एक डेपो थाटला, बहुतेकांनी सीएफएच्या गोदामात. हिमाचलातल्या बद्दीहून थेट विदर्भात माल पाठवणं अंतराने कितीही सोयीचं असो, तो आधी भिवंडीत उतरायचा. भिवंडीच का, तर मुंबईच्या जकात नाक्याबाहेर आणि तरीही मुंबईला लागून म्हणून. जीएसटी आला, त्याच दिवशी मुंबईची जकातही गेली, पण गोदामं राहिली. मालाची वाटणीही पुष्कळ ठिकाणी तशीच राहिली, कारण नवीन वाटणी कशावर बेतायची हे कुणी बसून ठरवलं नव्हतं.

आपण आता बसून ठरवू. आकडे मी हिशेब सोपा व्हावा म्हणून धरलेले आहेत. आपापल्या धंद्याचे घालून पाहा.

समजा राज्यात ही गोळी ठेवणारी 2,000 दुकानं आहेत आणि प्रत्येक दुकानातून रोज सरासरी एक पट्टी जाते. ही 2,000 दुकानं 40 स्टॉकिस्टांकडे विभागलेली आहेत, एकाकडे 50. कारखाना या गोळीची बॅच महिन्यातून एकदा काढतो, म्हणून भिवंडीत महिन्यातून एकदाच खेप उतरते. स्टॉकिस्टने ऑर्डर टाकली की डेपोचा माल चार दिवसांत त्याच्याकडे पोचतो. दुकानदाराने आज शॉर्टबुकात लिहिलं की उद्या स्टॉकिस्टचा पोऱ्या पट्ट्या आणून देतो. सुट्टी आणि विसरभोळेपणा धरून दुकानदाराचे दोन दिवस म्हणू.

रोज सरासरी एक पट्टी म्हणजे रोज बरोबर एक नव्हे. आज एकही जात नाही, उद्या तीन जातात. अशा सुट्ट्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या गिऱ्हाइकांच्या मागणीत चढउतार किती असतो याचा एक ढोबळ नियम आहे. जेवढी सरासरी, तिच्या वर्गमुळाएवढा. त्याच्या दुप्पट माल जास्तीचा ठेवला तर शंभरातल्या सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव वेळा कमी पडत नाही. या जास्तीच्या मालाला मी विम्याचा साठा म्हणेन आणि सरासरीने खपणाऱ्या मालाला कामाचा साठा. पुढचं सगळं व्याख्यान या दोन साठ्यांचा गोंधळ होऊ न देण्याबद्दलच आहे.

आता पहिली पद्धत पाहू. कंपन्यांच्या विक्री विभागाची ती आवडती आहे. खेप भिवंडीत उतरली की महिन्याचा सगळा माल लगेच खाली ढकलायचा, स्टॉकिस्टमार्फत थेट दुकानात. प्रत्येक दुकानाला महिनाभर पुरायला हवं. सरासरी 30 पट्ट्या, तिचं वर्गमूळ साधारण साडेपाच, म्हणजे विम्याच्या 11. दुकानाला 41 पट्ट्या, आणि 2,000 दुकानांना मिळून 82,000. त्यातल्या 22,000 विम्याच्या.

दुसरी पद्धत म्हणजे माल वर अडवायचा. दुकानाला दोन दिवसांपुरतंच द्यायचं. सरासरी 2 पट्ट्या आणि विम्याच्या 3, एकूण 5. स्टॉकिस्टला चार दिवसांचं. त्याच्या दुकानांची चार दिवसांची मागणी 200, तिचं वर्गमूळ चौदा-सव्वाचौदा, म्हणून विम्याच्या 28. उरलेलं सगळं भिवंडीत. तिथे अख्ख्या राज्याच्या महिन्याभराच्या 60,000 पट्ट्यांच्या मागणीवर चढउतार फक्त 245चा आहे, विम्याला 490 पुरतात. आता विम्याच्या पट्ट्यांची बेरीज करा. दुकानांत 6,000, स्टॉकिस्टांकडे 1,120, भिवंडीत 490. सगळ्या मिळून 7,610. पहिल्या पद्धतीत 22,000 होत्या. तोच खप आणि गिऱ्हाइकाला माल मिळण्याची जवळजवळ तीच खात्री, पण विम्यात अडकलेला माल एक तृतीयांश.

कारण उघड आहे. एका दुकानात खप वाढला आणि शेजारच्यात घटला, तर भिवंडीला त्याचा पत्ताही लागत नाही, दोन्ही एकमेकांत जिरून जातात. माल दुकानात बांधून टाकला की हे जिरणं बंद. आणि माल पाण्यासारखा आहे, उतारावरून खाली येतो, आपणहून वर चढत नाही. चिपळूणच्या दुकानात पडून असलेली पट्टी जालन्याला हवी असली, तरी ती परत पाठवणं म्हणजे परतीचं बिल, क्रेडिट नोट, बॅच नंबर जुळवणं, गाडीभाडं आणि त्यात मुदतीचा गेलेला महिना. कागदावर हे शक्य आहे. प्रत्यक्षात मुदत संपेपर्यंत ती पट्टी जागची हलत नाही.

पण या बेरजेत एक गोष्ट लपली आहे, ती नीट पाहा. माल वर ठेवा म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, दुकानं रिती ठेवायची आणि गोदाम भरायचं. आकडे तसं म्हणत नाहीत. खेप उतरलेल्या दिवशी राज्यात सुमारे 67,600 पट्ट्या असतील, त्यातल्या दुकानांत 10,000, स्टॉकिस्टांकडे 9,000च्या थोड्या वर आणि भिवंडीत साडेअठ्ठेचाळीस हजारांच्या आसपास. म्हणजे माल मुख्यतः वर आहे. पण विम्याच्या 7,610 पट्ट्यांतल्या 6,000 दुकानात आहेत. कामाचा साठा वर आणि विम्याचा साठा खाली. अर्थ असा की महिनाअखेरीस, नवी खेप यायच्या आदल्या दिवशी, भिवंडीचं रॅक जवळजवळ मोकळं दिसायला हवं आणि दुकानाच्या फळीवर तेव्हाही विम्याच्या तीन पट्ट्या हव्यात. डेपो मॅनेजरला रिकामं रॅक पाहून घाम फुटतो. त्याने फुटू देऊ नये. डेपोत माल संपला म्हणून कोणता रुग्ण परत गेला? रुग्ण भिवंडीला जात नाही.

हा मुद्दा अमेरिकी हवाई दलासाठी काम करताना क्रेग शेरब्रुक यांनी 1968 साली फार स्वच्छ मांडला. विमानाचे महागडे सुटे भाग मध्यवर्ती डेपोत किती ठेवायचे आणि वेगवेगळ्या तळांवर किती, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी डेपोतला तुटवडा मोजलाच नाही. तळावर सुट्या भागावाचून विमान खोळंबलंय का, एवढंच मोजलं. डेपोतल्या तुटवड्याचा त्रास तळापर्यंत पोचला तेवढाच खरा. औषधांच्या धंद्यात डेपोची कामगिरी डेपोतल्या साठ्यावर मोजणाऱ्या कंपन्या आहेत. तिथे डेपो मॅनेजर आपलं गोदाम राखतो आणि मेडिकलवाल्याची फळी उघडी पडते.

आता मी स्वतःच मांडलेल्या हिशेबावर शंका घेतो, कारण व्याख्यानांमधून आणि कन्सल्टंटांच्या सादरीकरणांतून तो इथेच थांबवला जातो आणि मग गोदामं एकत्र करण्याची मोठी कंत्राटं निघतात. वर्गमुळाचा नियम दुकानांची मागणी एकमेकांपासून सुटी असेल तरच खरा. औषधात ती तशी नसते. सरकारने किंमत कमी केली, मोठ्या डॉक्टरांच्या परिषदेनंतर लिहिण्याचा कल बदलला, प्रतिस्पर्धी कंपनीचा पुरवठा बंद पडला, की सगळ्या दुकानांचा खप एकदमच वर किंवा खाली जातो. एक दुकान वर गेलं म्हणून दुसरं खाली येत नाही, त्यामुळे काहीच जिरत नाही.

समजा महिन्यागणिक राज्याचा खप असा सामायिकपणे 10 टक्क्यांनी इकडेतिकडे होतो. मग भिवंडीतला चढउतार 245 राहत नाही, 6,000 होतो, आणि विम्याचा साठा 490 वरून 12,000वर जातो. स्टॉकिस्टांचा साधारण 2,000 होतो, दुकानांचा 6,000 तसाच राहतो. एकूण 20,000. त्याच परिस्थितीत सगळं दुकानांत ढकलण्याच्या पद्धतीला 25,000 लागतात. तिपटीचा फायदा एक पंचमांशावर आला. म्हणून गोदामं एकत्र करण्याआधी विचारायचा प्रश्न हा की माझ्या मालाच्या मागणीतला चढउतार दुकानादुकानाचा आहे की सगळ्यांचा मिळून? ते ओळखायला मोठं गणित लागत नाही. गेल्या वर्षभराचा महिनावार खप 40 स्टॉकिस्टांचा शेजारी शेजारी मांडा. सगळ्यांच्या रेषा एकत्र नाचत असतील तर माल वर ठेवून फार काही वाचणार नाही. प्रत्येकाची वेगळी नाचत असेल तर भरपूर वाचेल. नेहमीच्या रक्तदाबाच्या गोळ्यांत बहुधा दुसरं चित्र दिसतं. तापाच्या आणि जुलाबाच्या औषधांत पावसाळ्यात पहिलं.

याच जागी 1960 सालचं एक जुनं काम उपयोगी पडतं. अँड्र्यू क्लार्क आणि हर्बर्ट स्कार्फ यांनी ते केलं आणि साखळीतल्या साठ्याच्या सगळ्या शास्त्राचा तो पाया समजला जातो. गणित अवघड आहे, पण कल्पना दुकानदाराला लगेच कळेल. प्रत्येक पायरीने आपल्याकडचा साठा मोजू नये. आपल्याकडचा अधिक आपल्या खालच्या सगळ्यांकडचा, असा मोजावा. भिवंडीने किती बनवायला सांगायचं हे भिवंडीतल्या रॅककडे पाहून ठरवू नये. भिवंडी, 40 स्टॉकिस्ट आणि 2,000 दुकानं यांच्याकडे मिळून किती आहे, वाटेत किती आहे, हे पाहून ठरवावं.

हे न केल्याने काय होतं ते या सभागृहातल्या प्रत्येक स्टॉकिस्टला महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कळतं. कंपनीच्या लेखी विक्री म्हणजे प्रायमरी, डेपोतून स्टॉकिस्टकडे फाटलेलं बिल. टार्गेट प्रायमरीवर. 25 तारखेनंतर एरिया मॅनेजरचे फोन सुरू होतात. दहावर एक फुकट, उधारी दहा दिवसांनी वाढवून देतो, पुढच्या महिन्यात सांभाळून घेतो. स्टॉकिस्ट भिडेखातर किंवा स्कीमच्या मोहाने माल घेतो. डेपो रिकामा होतो. वर कारखान्याला दिसतं की मागणी जोरात आहे, बॅच मोठी निघते. पुढच्या महिन्यात पहिले वीस दिवस स्टॉकिस्ट काहीच उचलत नाही. आता वर दिसतं की मागणी पडली. रुग्ण मात्र सगळे दिवस रोज एकच गोळी घेत असतो. रक्तदाबाची गोळी कुणी महिनाअखेरीस जास्त खात नाही.

हा रोग ओळखायची खूण एकच आहे आणि ती स्टॉकिस्टच्या मासिक स्टॉक-अँड-सेल्समध्येच असते. प्रायमरीतून सेकंडरी, म्हणजे स्टॉकिस्टने दुकानांना केलेली विक्री, वजा करा. एका महिन्याची वजाबाकी काही सांगत नाही, सहा महिन्यांची साठत जाणारी वजाबाकी सांगते. ती वाढत असेल तर कंपनीची विक्री वाढत नाहीये, स्टॉकिस्टचं गोदाम फुगतंय. दुसरी, थोडी कडू खूण अशी की एकाच महिन्यात एका जिल्ह्यातून त्याच गोळीचा एक्सपायरी क्लेम येतो आणि दुसऱ्या जिल्ह्यातून शॉर्टेजची तक्रार. माल पुरेसा होता, तो चुकीच्या पत्त्यावर बांधला गेला.

तुटवड्याच्या काळात वाटणी कशी करायची हा यातला सगळ्यात भांडणाचा भाग, त्यावर जरा थांबतो.

एखाद्या महिन्यात बॅच अडकली, भिवंडीत फक्त 320 पट्ट्या उरल्या आणि दोनच स्टॉकिस्टांची ऑर्डर आहे असं धरा. एक कोल्हापूरचे, एक नांदेडचे. कोल्हापूरचा खप रोज 60, हातात 600. नांदेडचा खप रोज 40, हातात 80. दोघांनीही 400 मागितल्या. नेहमीचा डेपो काय करतो? ऑर्डरच्या प्रमाणात वाटतो, म्हणजे दोघांना 160-160. वरवर न्याय्य. आता दिवस मोजा. कोल्हापूरकडे 760 झाल्या, साडेबारा दिवसांच्या वर. नांदेडकडे 240, सहा दिवस. सहाव्या दिवसानंतर नांदेडचा रुग्ण परत जाणार आणि तेव्हा कोल्हापुरात अजून आठवडाभराचा माल असणार.

ऑर्डरीकडे पाहूच नका. तिघांकडचा माल एकत्र मोजा. 600, 80 आणि 320, एकूण 1,000. रोजचा एकत्र खप 100. म्हणजे सगळ्यांना दहा दिवस पुरेल. कोल्हापूरला दहा दिवसांचे 600 लागतात, ते त्यांच्याकडे आहेतच. सगळ्या 320 नांदेडला. दोघेही दहा दिवस चालतात, नांदेडला गाडी पोचेपर्यंत मधले दोन दिवस दुकानांच्या फळीवरच्या पट्ट्या निभावतात. क्लार्क आणि स्कार्फ यांची मोजणी इथे थेट उपयोगाला आली, कारण खालच्याकडे काय आहे हे वरच्याला माहीत होतं.

कोल्हापूरकरांना हे पटणार नाही हे मला माहीत आहे. त्यांनी पैसे भरलेत, वेळेवर भरतात, त्यांना शून्य? हा राग वाजवी आहे, आणि ऑर्डरीच्या प्रमाणात वाटण्याच्या पद्धतीने तो आणखी बिघडतो. एकदा कळलं की तुटवड्यात ऑर्डरीच्या निम्माही माल मिळत नाही, की पुढच्या वेळी कोल्हापूर 800 मागणार आणि नांदेड 1,000. 1997 साली हाउ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑर्डरी वर वर जाताना फुगत का जातात याची कारणं मांडली, त्यांत हे एक ठळक कारण होतं. मिळणारा वाटा जर मागण्यावर बेतला तर लोक खोटं मागतात. मागच्या तीन महिन्यांच्या सेकंडरी खपावर बेतला तर खोटं मागून फायदा उरत नाही.

दहा दिवसांनीच पुढची खेप येणार असेल तर अजून एक पायरी आहे. नांदेडला आज सगळ्या 320 देऊ नका. 160 द्या, त्यांना सहा दिवस पुरतील. उरलेल्या 160 भिवंडीत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. माल पोचायला चार दिवस लागतात, म्हणून तेव्हा निघालेली गाडी पाचव्या दिवशी पोचेल, माल संपायच्या आत. एक दिवस थांबून फारसं कळणार नाही असं वाटेल. पण कोल्हापुरात मोठ्या दवाखान्याने एकदम 200 उचलल्या असतील तर ते याच एका दिवसात कळतं. भिवंडीपासूनचं अंतर चार दिवसांऐवजी एकाच दिवसाचं असतं, तर हीच दुसरी मोजणी चौथ्या दिवशी करता आली असती. गाडी जितकी जलद, तितका माल जास्त वेळ न बांधता ठेवता येतो. दोन टप्प्यांत वाटप करण्यावर पुढे बरंच संशोधन झालं. त्याचं मर्म हेच की थोडा माल मागे ठेवून दुसऱ्यांदा वाटला तर पहिल्या वाटपातल्या चुका बऱ्याच भरून येतात. सगळंच मागे ठेवायची गरज नसते.

2021च्या एप्रिलमध्ये रेमडेसिविरच्या बाबतीत सगळ्यांनी हे जवळून पाहिलं. तुटवडा होताच माल दुकानांच्या पायरीवरून काढून घेण्यात आला, राज्यांचा कोटा केंद्राने ठरवला आणि आपल्याकडे जिल्ह्यातलं वाटप जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली रुग्णालयांना झालं. तुटवड्यात वाटणीची पायरी वर सरकवावी लागते, ते बरोबरच होतं. त्या वाटणीत रुग्णालयांकडे आधीच किती इंजेक्शनं आहेत हा आकडा कितपत खरा होता, यावर प्रत्येक जिल्ह्यातले लोक आपापले अनुभव सांगतील.

आता अपवाद, आणि ते खरे अपवाद आहेत. दोनच घेतो.

भामरागड. गडचिरोलीच्या त्या टोकाला पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता तुटतो आणि तालुक्याचा संपर्कच तुटतो. जूनआधी तिथे माल पोचायला जेवढे दिवस लागतात, ते जुलैमध्ये ठरवूनच सांगता येत नाहीत. आपल्या दुकानाचा पाच पट्ट्यांचा हिशेब दोन दिवसांत माल येतो या एका गृहीतावर उभा होता. ते गृहीत गेलं की हिशेबही गेला. अशा जागी मे संपायच्या आत पावसाळ्याचा माल खाली नेऊन ठेवावाच लागतो, मग त्यातला काही वाया गेला तरी. विक्री विभागाने हा अपवाद मात्र सगळ्या महाराष्ट्राला लावू नये. पुण्याच्या दुकानाला भामरागडसारखा साठा लागत नाही.

दुसरा अपवाद सर्पदंशाच्या लसीचा. तिचा खप इतका कमी आणि इतका अनिश्चित आहे की आपल्या हिशेबाने ती फक्त जिल्ह्याला ठेवावी असं उत्तर येतं. जिथे मागणी विरळ, तिथे एकत्र ठेवल्याचा फायदा सगळ्यात जास्त. आणि इथे ते उत्तर चूक आहे, कारण रुग्ण उद्या सकाळपर्यंत थांबू शकत नाही. ज्याच्या न मिळण्याने जीव जातो, त्याची किंमत हिशेबात वेगळी धरावी लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या कुप्या न वापरता मुदतबाह्य झाल्या तर तो अपव्यय नव्हे, ती विम्याचा हप्ता भरल्याची पावती. याउलट, महिन्यातून एखादी पट्टी खपणारी नेहमीची औषधं दुकानात ठेवायची गरजच नसते. गिऱ्हाइकाला संध्याकाळी या म्हणायचं आणि स्टॉकिस्टकडून मागवायचं. बरेच जुने मेडिकलवाले हे गणित न करता नेमकं असंच वागतात.

1994 साली स्थापन झालेल्या तमिळनाडूच्या वैद्यकीय सेवा महामंडळाने सरकारी औषधांसाठी माल वर ठेवण्याची रचना केली. औषधं जिल्ह्याच्या गोदामात ठेवायची, प्रत्येक दवाखान्याला रकमेचं पासबुक द्यायचं, आणि दवाखान्याने आपल्या गरजेप्रमाणे त्यातून माल उचलायचा. वरून कुणी अंदाजाने ढकलायचं नाही. सरकारी खात्यात ही रचना टिकली, तर खाजगी धंद्यात ती का टिकत नाही?

याचं उत्तर पैशात आहे. सरकारने किंमत ठरवलेल्या औषधांवर दुकानदाराला 16 टक्के मिळतात, घाऊकवाल्याला सर्वसाधारणपणे 8. स्टॉकिस्टचा माल दोन महिने गोदामात पडून राहिला आणि त्याच्या बँकेचं व्याज 12 टक्के असलं, तर 8 टक्क्यांतले 2 व्याजातच गेले. म्हणजे त्याच्या कमाईचा पाव भाग, भाडं आणि पोऱ्यांचा पगार द्यायच्या आधीच. माल वर ठेवला तर हे 2 टक्के वाचतात. पण ते वाचतात स्टॉकिस्टचे. माल भिवंडीत ठेवल्याचा भार कंपनीवर येतो, आणि कंपनीच्या प्रायमरीच्या आकड्यात एक महिन्याची खोट दिसते. ज्याच्या हातात निर्णय आहे त्याला तोटा आणि ज्याच्या हातात काही नाही त्याला फायदा, अशा ठिकाणी गणित कितीही बरोबर असलं तरी अंमलात येत नाही.

म्हणून कुणी विचारलं की सुरुवात कुठून करायची, तर मी सांगतो, टार्गेट प्रायमरीवरून सेकंडरीवर न्या, आणि स्टॉकिस्टने रोजचा क्लोजिंग स्टॉक कंपनीला दाखवावा, महिन्याच्या स्टेटमेंटची वाट न पाहता. पहिलं केल्याशिवाय दुसरं मागू नये. स्टॉकिस्ट रोजचा आकडा दाखवायला कचरतात, कारण आपला माल संपत आलेला दिसला की कंपनी आणखी ढकलेल ही भीती त्यांनी अनुभवाने कमावली आहे. काहींना वाटतं की कोणतं दुकान काय घेतं हे कंपनीला कळलं की ती थेट दुकानाशी व्यवहार करेल. ही भीती निराधार नाही. म्हणून दुकाननिहाय आकडा देऊ नये, गोळीनिहाय एकूण शिल्लक आणि एकूण विक्री एवढाच द्यावा. वर सांगितलेल्या कोल्हापूर-नांदेडच्या वाटणीला तेवढे दोनच आकडे पुरले होते. आणि मोबदल्यात स्टॉकिस्टने उधारीचे दिवस नव्हे, तर चार दिवसांचा पुरवठा लेखी मागून घ्यावा. चौथ्या दिवशी गाडी आली नाही तर त्या ऑर्डरीवर कंपनीने किती टक्के सूट द्यायची, हे करारातच लिहून घ्यावं.